गोळीचा खोकला

अंगणवाडीत काम करणाऱ्या ५२ वर्षांच्या एक ताई दिवाळीनंतर माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत पाच महिन्यांचा खोकला होता. खोकल्याच्या औषधाच्या चार बाटल्या, अँटिबायोटिकच्या तीन रिकाम्या स्ट्रिपा, छातीचा एक्स-रे, थुंकी तपासल्याचे दोन रिपोर्ट आणि एक इनहेलर. एक्स-रे स्वच्छ होता. थुंकीत टीबी नव्हता. दम लागत नव्हता, ताप नव्हता, वजनही उतरलं नव्हतं. "घशात कोंबडीचं पीस अडकल्यासारखं वाटतं डॉक्टर, आणि ते काही केल्या निघत नाही," असं त्या म्हणाल्या. कफ पडत नव्हता. रात्री आडवं झालं की उबळ यायची. नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला लागला होता. माझी नर्स बाहेर गेल्यावर त्यांनी खाली बघत सांगितलं की खोकताना लघवी सुटते, म्हणून त्यांनी भजनाला जाणं सोडलं होतं.

खोकला जुलैत सुरू झाला होता. पावसाळा होता, त्यामुळे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी सगळा दोष पावसावर टाकला. मग थंडी पडली आणि दोष थंडीवर गेला. पिशवीच्या तळाशी मात्र त्या रोज घेत असलेल्या गोळ्यांची स्ट्रिप होती. मधुमेहाची एक, बीपीची एक. बीपीच्या गोळीवर मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेलं नाव होतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: रॅमिप्रिल, ५ मिलिग्रॅम. ती जूनमध्ये सुरू झाली होती.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल या सगळ्या गोळ्या एका घरातल्या. नावाच्या शेवटी 'प्रिल' असतं. बीपीसाठी, हार्ट अटॅकनंतर, हृदयाचं पंपिंग कमी झालं असेल तर आणि मधुमेहात लघवीतून प्रथिनं जाऊ लागली तर त्या दिल्या जातात. फार उपयोगी औषधं आहेत आणि त्यांनी पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण त्या घेणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण पाच ते वीस जणांना असा कोरडा, चिवट खोकला लागतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. हा खोकला पहिल्या दिवशी येऊ शकतो, पण बहुतेकदा काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी येतो. म्हणूनच गोळी आणि खोकला यांचा संबंध घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. जे औषध आपण दीड महिना निमूटपणे पचवलं, त्याच्यावर संशय कोण घेणार?

हा खोकला म्हणजे ॲलर्जी आहे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हा खोकला त्या औषधाच्या मुख्य कामाचाच दुसरा अर्धा भाग आहे. हे नीट कळलं की गोळी कधी बदलायची, कशाने बदलायची आणि कोणत्या वेळी धावत दवाखाना गाठायचा, हे सगळं आपोआप उलगडतं. त्यासाठी जरा ब्राझीलपर्यंत जावं लागेल.

तिथे जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावलेल्या माणसाचं बीपी कोसळतं. १९४८ साली साओ पावलोमध्ये मॉरिसियो रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विष रक्तद्रवात मिसळून पाहिलं, तेव्हा रक्तातूनच एक नवा पदार्थ मोकळा झाला. गिनी पिगच्या आतड्याच्या तुकड्यावर तो घातला की आतडं सावकाश आकसत असे. ग्रीक भाषेत ब्रॅडिस म्हणजे मंद. त्यावरून त्याचं नाव पडलं ब्रॅडिकायनिन. अमिनो आम्लांचे फक्त नऊ मणी ओवलेली ही एक छोटी माळ. ती रक्तवाहिन्या सैल करते, त्यांच्या भिंतीतून पाणी झिरपू देते आणि वेदना व ठसका जाणवणाऱ्या बारीक मज्जातंतूंना डिवचते. आपल्या शरीरात ती सतत थोडीथोडी तयार होते आणि काही सेकंदांत तोडलीही जाते. तोडण्याचं मोठं काम चालतं फुप्फुसांत, कारण शरीरभरातून परतलेलं सगळं रक्त तिथूनच जातं.

रोशा ए सिल्वा यांचे शिष्य सर्जियो फेरेरा यांना १९६५ मध्ये त्याच विषात आणखी एक गोष्ट सापडली. विषातले काही घटक ब्रॅडिकायनिनला तुटूच देत नव्हते, त्यामुळे त्याचा जोर वाढत होता. तो अर्क घेऊन फेरेरा लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे वाय. एस. बखले नावाचे संशोधक होते. हे आडनाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल. कुत्र्याच्या फुप्फुसातून काढलेल्या एन्झाइमवर त्यांनी या अर्काचा परिणाम पाहिला. हे एन्झाइम वेगळंच काम करणारं म्हणून माहीत होतं. अँजिओटेन्सिन-एक या निरुपद्रवी पदार्थाचं ते अँजिओटेन्सिन-दोनमध्ये रूपांतर करतं, आणि अँजिओटेन्सिन-दोन रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवतं. सापाच्या विषाने हे कामही थांबलं.

पुढे सिद्ध झालं की ही दोन्ही कामं एकाच कात्रीची. अँजिओटेन्सिनचं टोक कापून त्याला धार आणणारी जी कात्री, तीच ब्रॅडिकायनिनचे तुकडे करते. या कात्रीला म्हणतात एसीई. सापाच्या विषाचा आराखडा समोर ठेवून स्क्विब कंपनीतल्या कुशमन आणि ओंडेटी यांनी ती कात्री बंद पाडणारी पहिली गोळी तयार केली, कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये ती अमेरिकेत बाजारात आली. बाकीचे सगळे 'प्रिल' तिचे वंशज.

म्हणजे गोळी घेतली की कात्री थांबते. अँजिओटेन्सिन-दोन कमी होतं, बीपी उतरतं. ते आपल्याला हवंच आहे. पण ब्रॅडिकायनिन तोडणारंही कुणी उरत नाही, आणि ते श्वासनलिकेच्या अस्तरात साचू लागतं. तिथल्या ठसक्याच्या मज्जातंतूंना ते दिवसरात्र गुदगुल्या करत राहतं. ते तंतू हळूहळू हळवे होतात आणि मग उदबत्तीचा धूर, फोडणीचा वास, गार हवा, नुसतं बोलणं एवढंही उबळीला पुरतं. ब्रॅडिकायनिन तोडणाऱ्या दुसऱ्याही काही कात्र्या शरीरात असतात. ज्यांच्यात त्या चांगल्या चालतात त्यांना बहुधा त्रास होत नाही. ज्यांच्यात त्या जन्मतःच मंद असतात त्यांना होतो. त्यामुळे एकाच घरात नवरा वर्षानुवर्षं रॅमिप्रिल घेतो आणि बायको दोन महिन्यांत खोकून बेजार होते.

आता ताईंच्या पिशवीकडे पुन्हा पाहू. अँटिबायोटिकने हा खोकला जाणार नव्हता, कारण जंतू नव्हते. सिरपने जाणार नव्हता. ॲलर्जीच्या गोळीने जाणार नव्हता, कारण ॲलर्जीत हिस्टामिन सुटतं आणि इथे हिस्टामिनचा संबंधच नाही. दुसऱ्या कंपनीची रॅमिप्रिल घेऊन किंवा रॅमिप्रिलऐवजी एनालाप्रिल घेऊनही काही होणार नव्हतं, कारण कात्री तीच बंद राहणार. डोस अर्धा करूनही सहसा फरक पडत नाही. हा प्रयोग मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी जणांवर केला आहे आणि त्यांचे महिने वाया घालवले आहेत, याची मला आजही टोचणी आहे.

मात्र थुंकीच्या आणि एक्स-रेच्या तपासण्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायचीच, मग माणूस कोणतीही गोळी घेत असो. आणि हृदयरोग असलेल्या माणसाचा खोकला गोळीचाच आहे असं धरून चालणं धोक्याचं असतं. आडवं झाल्यावर खोकल्याबरोबर दम लागतो, उठून बसलं की बरं वाटतं, पायांवर सूज आहे, आठवड्यात वजन दोन किलो वाढलं आहे, अशी लक्षणं असतील तर फुप्फुसात पाणी साचत असतं. अशा वेळी 'प्रिल' बंद केली तर उलट नुकसान होतं. गोळीच्या खोकल्यात कफ नाही, ताप नाही, दम नाही, छाती तपासली तर स्वच्छ. तरीही तो गोळीचाच होता, याचा खरा पुरावा एकच: गोळी थांबवली आणि खोकला गेला.

ताईंची रॅमिप्रिल मी त्या दिवशी बंद केली आणि दुसऱ्या दिवसापासून टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम सुरू केली. खोकल्यासाठी गोळी बदलताना मध्ये खंड ठेवावा लागत नाही.

नावाच्या शेवटी 'सार्टन' असलेल्या गोळ्यांचं हे दुसरं घर: लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन, वलसार्टन, कॅन्डेसार्टन. यांना रिसेप्टर ब्लॉकर म्हणतात. अँजिओटेन्सिन-दोन ही किल्ली मानली तर रक्तवाहिनीच्या भिंतीवर तिचं कुलूप असतं. 'प्रिल' किल्ली तयारच होऊ देत नाही. 'सार्टन' किल्ली तयार होऊ देते, पण कुलपाच्या भोकात स्वतः जाऊन बसते. बीपीवरचा परिणाम सारखाच. पण दुसऱ्या पद्धतीत कात्रीला कुणी हात लावत नाही, ती ब्रॅडिकायनिन तोडत राहते, आणि घशातलं पीस निघून जातं.

डॉक्टरांना पूर्वी एक काळजी असे की 'सार्टन' हृदयाला 'प्रिल'इतकं संरक्षण देईल का. २००८ मध्ये ऑनटार्गेट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयरोगाचा किंवा गुंतागुंतीच्या मधुमेहाचा धोका असलेल्या २५,६२० जणांत रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन यांची तुलना होती. हार्ट अटॅक, लकवा आणि मृत्यू टाळण्यात दोन्ही बरोबरीच्या ठरल्या. खोकल्यामुळे गोळी सोडावी लागलेल्यांचं प्रमाण मात्र रॅमिप्रिलवर ४.२ टक्के होतं आणि टेल्मिसार्टनवर १.१ टक्का. त्यातही ज्यांना आधीपासून 'प्रिल' सोसत नव्हती त्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं, त्यामुळे दवाखान्यात दिसणारा फरक याहून मोठा असतो. दोन्ही गोळ्या एकत्र दिल्या तर दुप्पट फायदा होईल ही आशाही त्याच चाचणीने संपवली. फायदा वाढला नाही, किडनीचा त्रास आणि चक्कर वाढली. म्हणून दोन्हीपैकी एकच घ्यायची.

ताईंना मधुमेह होता आणि लघवीत प्रथिनं जाऊ लागली होती. अशा वेळी किडनी जपण्यासाठी या दोन घरांपैकी एक गोळी हवीच, म्हणून त्यांना नुसती दुसरी एखादी बीपीची गोळी न देता मी 'सार्टन' दिली. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलं. दोन्ही गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं आणि क्वचित किडनीवर ताण येतो, त्यात 'सार्टन'ला सूट नाही. गरोदरपणात तर दोन्ही वर्ज्यच. पोटातल्या बाळाच्या किडनीला त्या घातक ठरतात.

पाचव्या दिवशी ताईंचा फोन आला. "काहीच फरक नाही. जुनीच सुरू करू का?" हा क्षण मला महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पुष्कळ जण माघार घेतात. रक्तातून गोळी दोन-चार दिवसांत जाते, पण हळवे झालेले मज्जातंतू शांत व्हायला बहुधा एक ते चार आठवडे लागतात, क्वचित तीन महिनेही. बाराव्या दिवशी त्या पहिल्यांदा रात्रभर झोपल्या. महिन्याने आल्या तेव्हा पिशवी आणली नव्हती.

खोकला माणसाला हैराण करतो, मारत नाही. याच ब्रॅडिकायनिनचा दुसरा उपद्रव मात्र मारू शकतो. त्याला अँजिओएडेमा म्हणतात. ब्रॅडिकायनिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून पाणी झिरपू देतं हे वर सांगितलंच. हे झिरपणं अचानक एका जागी वाढलं की ओठ, गाल, जीभ किंवा थेट स्वरयंत्राजवळचा भाग टम्म फुगतो. हजारात एक ते सात जणांना हे होतं, म्हणजे खोकल्यापेक्षा पुष्कळच दुर्मिळ. पण आपल्या देशात 'प्रिल' घेणारे लोक इतके आहेत की प्रत्येक तालुक्यात असा कुणीतरी असणारच.

एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले ६१ वर्षांचे एक काका. बायपासनंतर तीन वर्षं रॅमिप्रिल घेत होते, खोकला कधीच नव्हता. एका सकाळी वरचा ओठ सुजून उठले. खाज नव्हती, अंगावर गांध्या नव्हत्या. काहीतरी चावलं असेल म्हणून जवळच्या दवाखान्यात ॲलर्जीचं इंजेक्शन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सूज उतरली. दोन महिन्यांनी गाल सुजला. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा उतरली.

लोक आणि डॉक्टर दोघंही इथेच फसतात. ही सूज एक ते तीन दिवसांत आपोआपच उतरते. इंजेक्शन घेतलं म्हणून उतरली असं वाटतं, ॲलर्जीवर शिक्का बसतो, भेंडी-वांगी-मासे बंद होतात आणि गोळी मात्र रोज सकाळी पोटात जात राहते. पहिल्या सूजेआधी काही वर्षं गोळी बिनतक्रार चाललेली असू शकते, त्यामुळे ती संशयितांच्या यादीतही नसते. ॲलर्जीच्या सूजेत बहुधा खाज असते, गांध्या असतात, ती काही मिनिटांत वाढते. या सूजेत खाज नाही, गांध्या नाहीत, आणि ती काही तासांत हळूहळू चढते.

तिसऱ्या वेळी काकांची जीभ सुजली. रात्री अकराला मी त्यांना पाहिलं तेव्हा आवाज तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखा झाला होता आणि लाळ गिळता येत नसल्याने हातातला रुमाल भिजला होता. आवाज बदलणं, लाळ गळणं, गिळता न येणं, श्वास घेताना आवाज होणं: यांपैकी एक जरी दिसलं तरी घरी थांबायचं नाही, आणि दवाखानाही असा गाठायचा जिथे श्वासनळीत नळी घालणारा भूलतज्ज्ञ असेल. आम्ही त्यांना बसवून ठेवलं. ॲलर्जीची शक्यता पुरती सोडता येत नव्हती म्हणून ॲड्रिनॅलिन, स्टिरॉइड आणि ॲलर्जीचं इंजेक्शनही दिलं, पण त्यावर विसंबलो नाही, कारण ब्रॅडिकायनिनच्या सूजेवर ती भरवशाची नाहीत. भूलतज्ज्ञ नळी तयार ठेवून उशाशी बसून राहिले. काही ठिकाणी अशा वेळी रक्तपेढीतला गोठवलेला प्लाझ्मा देतात; दात्याच्या प्लाझ्मात बंद न पडलेली तीच कात्री असते, हा त्यामागचा विचार. आम्हाला ती वेळ आली नाही. पहाटे चारपर्यंत सूज वाढायची थांबली आणि तिसाव्या तासाला काका स्पष्ट बोलू लागले.

खोकला झाला असेल तर पुढे कधी गरज पडल्यास डॉक्टर 'प्रिल' पुन्हा देऊन पाहू शकतात. सूज आली असेल तर 'प्रिल' जन्मभर बंद, त्या घरातली कुठलीही. मग 'सार्टन' चालेल का? बहुतेकांना चालते, पण थोड्या जणांना तिच्यावरही सूज येते. त्यामुळे गरज किती आहे ते आधी पाहावं लागतं. काकांच्या हृदयाचं पंपिंग चांगलं होतं, किडनी चांगली होती. त्यांचं बीपी ॲम्लोडिपिनवर नीट राहिलं, मग जोखीम कशाला घ्यायची? पंपिंग कमी असतं तर मी निदान चार-सहा आठवडे थांबून, समजावून सांगून, जपून 'सार्टन' सुरू केली असती. थांबायचं कारण असं की 'प्रिल' बंद केल्यावरही काही आठवडे सूज पुन्हा येऊ शकते, आणि मधेच नवी गोळी सुरू केली तर दोष कुणाचा ते कळत नाही. अशा रुग्णाला सॅक्युबिट्रिल असलेली हार्ट फेल्युअरची नवी गोळी मात्र कधीच द्यायची नाही. ती ब्रॅडिकायनिन तोडणारी दुसरी कात्री, नेप्रिलायसिन, बंद करते. सूज कधीच न आलेल्या माणसालाही 'प्रिल' थांबवल्यावर पूर्ण ३६ तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत. काकांना मधुमेहासाठी व्हिल्डाग्लिप्टिन चालू होती, तीही मी बदलली. 'प्रिल'च्या जोडीला ती असली की सूजेचा धोका वाढतो.

घरी सोडताना काकांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने मराठीत लिहिलं: 'प्रिलने शेवट होणारी कोणतीही गोळी देऊ नये, जीभ सुजते.' सहा महिन्यांनी ते मुलाकडे पुण्याला गेले. तिथे नव्या डॉक्टरांनी रोजच्या तीन गोळ्यांऐवजी एकच कॅप्सूल लिहून दिली, कोलेस्टेरॉल, रक्त पातळ ठेवणं आणि बीपी या तिन्हींसाठी. फाइल गावीच राहिली होती. सुनेने स्ट्रिप उलटी करून मोबाइलच्या उजेडात मागचं वाचलं. ॲस्पिरिन, ॲटोरवास्टॅटिन आणि तिसऱ्या ओळीत रॅमिप्रिल. तिने कॅप्सूल दिली नाही आणि मला फोन केला.